कोल्हापुरीची टॅगलाइन इटालियनमध्ये नेताना

1989 साली जिलेटने इंग्रजीत एक ओळ आणली, ‘द बेस्ट अ मॅन कॅन गेट’. ती नुसती छापली जात नव्हती, गायली जायची. इटलीतही तीच चाल वाजली, पण शब्द होते ‘इल मेल्यो दी उन वॉमो’. त्याचा सरळ अर्थ ‘पुरुषातलं उत्तम ते’. मूळ ओळ म्हणते की पुरुषाला जे मिळू शकतं त्यातलं हे उत्तम. इटालियन ओळीत ‘मिळणं’ हे क्रियापदच नाही. परीक्षेत असं भाषांतर लिहिलं असतं तर मार्क कापले गेले असते.

शब्दाला शब्द ठेवला असता तर ओळ झाली असती ‘इल मेल्यो के उन वॉमो पोस्सा आवेरे’. व्याकरणात एकही चूक नाही. आता दोन्ही ओळी बोटांवर मोजून पाहा. इटालियनमध्ये एका शब्दाचा शेवटचा स्वर आणि पुढच्या शब्दाचा पहिला स्वर शेजारी आले की बोलताना ते एकात मिसळतात आणि दोघांचं मिळून एकच अक्षर धरलं जातं. त्या हिशेबाने शब्दशः ओळ दहा अक्षरांची होते. इंग्रजी ओळ सहा अक्षरांची आहे आणि ‘इल-मेल-यो-द्युन्-वॉ-मो’ हीसुद्धा सहाच. चाल तयार होती आणि तिच्यात सहा जागा होत्या. शिवाय शब्दशः ओळीतलं ‘पोस्सा’ हे रूप पुस्तकी व्याकरणाचा वास घेऊन येतं. दाढी करताना ते कोणी गुणगुणणार नाही. इंग्रजीतलं ‘जिलेट’ आणि ‘गेट’ यांचं यमक मात्र इटालियनमध्ये गेलं ते गेलंच. ते सोडून दिलं आणि चाल वाचवली. काय सोडायचं हे आधी ठरवून मग लिहायला बसणं, यालाच जाहिरातीच्या धंद्यात ट्रान्सक्रिएशन म्हणतात.

लॉरेआलची ‘बिकॉज आय ॲम वर्थ इट’ ही 1970 च्या दशकातली ओळ दुसऱ्या बाजूने अवघड होती. ‘वर्थ इट’साठी शब्दकोश ‘वालेरे ला पेना’ सुचवतो. पण ‘पेना’ म्हणजे त्रास, यातना, शिक्षा. ‘माझ्यासाठी एवढा त्रास घ्यायला हरकत नाही’ असा काहीसा सूर लागतो. केसांचा महागडा रंग घेणाऱ्या बाईच्या तोंडी हे शोभत नाही. इटालियन ओळ झाली ‘पेर्के ईओ वाल्गो’, म्हणजे ‘कारण मला मोल आहे’. इंग्रजीतलं ‘इट’ सरळ उडवलं.

या तीन शब्दांतला खरा डाव मधल्या ‘ईओ’मध्ये, म्हणजे ‘मी’मध्ये आहे आणि तो मराठी माणसाला चटकन कळेल. आपण ‘जेवलो’ म्हणतो तेव्हा ‘मी’ म्हणायची गरज नसते. ‘मी जेवलो’ म्हटलं की त्यात ‘बाकीच्यांचं माहीत नाही’ असा सूर येतो. इटालियनमध्येही क्रियापदाच्या रूपातून कर्ता कळतो, त्यामुळे ‘पेर्के वाल्गो’ एवढंही व्याकरणाला पुरलं असतं. ‘ईओ’ मुद्दाम घातला की त्यावर जोर येतो. इंग्रजीत हा जोर अभिनेत्रीला आवाजातून द्यावा लागतो, कारण तिथे ‘आय’ टाळताच येत नाही. इटालियनमध्ये तो कागदावरच असतो. दुसरी गोष्ट लिंगाची. ‘मी याला पात्र आहे’ अशा वळणाने गेलं असतं तर ‘देन्या’ की ‘देन्यो’, बाई बोलतेय की पुरुष, हे शेवटच्या स्वरात उघड झालं असतं. ‘वाल्गो’ दोघांनाही चालतं.

असा आडोसा इटालियनमध्ये सतत शोधावा लागतो. इंग्रजी टॅगलाइन ‘रेडी?’ विचारते, तेव्हा इटालियनला ‘प्रोंतो’ की ‘प्रोंता’ हे ठरवावंच लागतं. दोन्ही रूपं तिरकी रेघ मारून छापली तर ती ओळ बँकेच्या फॉर्मसारखी दिसते. जाणता माणूस वाक्याची रचनाच बदलून टाकतो.

आता कानाकडे वळू, कारण इटालियन ओळ बहुतेक वेळा तिथेच जिंकते किंवा पडते. इटालियन शब्दांत आघात बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो, जसं स्त्रा-दा, का-सा, प्ये-दे. त्यामुळे ओळ संपताना आवाज अलगद खाली उतरतो. बोलण्यात ते गोड वाटतं, पण टॅगलाइनचा शेवट पुष्कळदा ठोकून करायचा असतो. इंग्रजीला ही अडचण नाही, तिच्याकडे एकाक्षरी शब्दांची रास आहे. इटालियन लिहिणारा मग शेवटच्या अक्षरावर आघात असणाऱ्या मोजक्या शब्दांकडे जातो: माई, सू, जू, प्यू आणि ‘ता’वर संपणारी भाववाचक नामं. हॅरिबोच्या गोळ्यांची मूळ जर्मन ओळ यमकातली आहे आणि मुलं खूश, मोठेही खूश असं ती सांगते. इटालियन ओळ आहे ‘आरिबो ए ला बोन्ता, के सी गुस्ता आद ओन्यी एता’, म्हणजे साधारण ‘आरिबो म्हणजे चवीची मजा, कुठल्याही वयात चाखावी’. मुलं आणि मोठी माणसं दोघंही ओळीतून गायब झाली, त्यांच्या जागी ‘एता’ म्हणजे वय आलं, कारण ते ‘बोन्ता’शी जुळतं आणि ठोक्यावर संपतं. लावाझ्झा कॉफीची जुनी, मुळातच इटालियन असलेली ओळ ‘प्यू लो मांदी जू, प्यू ती तीरा सू’ हीसुद्धा याच ठोक्यांवर उभी आहे: जितकी खाली ढकलशील तितकी तुला वर खेचेल.

काही ओळी इटलीत इंग्रजीतच राहतात. नायकेची ‘जस्ट डू इट’ ही त्यातली एक. तिचं शब्दशः इटालियन ‘फाल्लो ए बास्ता’. ‘फाल्लो’ म्हणजे ‘ते कर’. पण ‘फाल्लो’ म्हणजे फुटबॉलमधला फाउलही आणि पुरुषलिंगही. खेळाच्या बुटांवर हा शब्द मोठ्या अक्षरात छापला असता तर पुढे काय झालं असतं याची कल्पना करायला इटालियन यायला हवं असं नाही.

आता एक ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेऊन बघू. समजा, कोल्हापुरी चपला निर्यात करणाऱ्या एका कारखानदाराने इंग्रजी बाजारासाठी ‘ब्रेक्स इन. नेव्हर ब्रेक्स डाउन.’ अशी ओळ करून घेतली आहे आणि आता माल इटलीत जाणार आहे. ही ओळ आणि तिची खालची इटालियन रूपं या लेखापुरती रचलेली आहेत, कोणत्याही खऱ्या कंपनीची नाहीत.

इंग्रजीत ओळ छान जमली आहे. ‘ब्रेक इन’ म्हणजे नवं पादत्राण वापरून वापरून पायाला बसवणं, ‘ब्रेक डाउन’ म्हणजे मोडून पडणं. कोल्हापुरी घातलेल्याला खुलासा नको. पहिले काही दिवस ती चावते, तेल लावून लावून मऊ करावी लागते आणि मग वर्षानुवर्षं साथ देते. टॅगलाइन आपला दोष आधीच कबूल करते आणि त्याचाच गुण करून दाखवते. इटालियनमध्ये जायला हवी ती ही खेळी. ‘ब्रेक’ हा शब्द गेला तरी चालेल.

कामाला लागण्याआधी कारखानदाराला चार गोष्टी विचाराव्या लागतात. ओळ कुठे छापली जाणार, डब्यावर, तळव्यावर की फक्त इन्स्टाग्रामवर? सोबत चित्र कोणतं? गिऱ्हाईक कोण, मिलानमधल्या दुकानात शंभर युरो मोजणारी बाई की समुद्रकिनाऱ्यावरचा पर्यटक? आणि काहीच हलू द्यायचं नाही असं ओळीत काय आहे? समजा उत्तरं अशी मिळाली: डबा आणि पोस्टर, चित्रात एकच चप्पल आणि दगडी रस्ता, गिऱ्हाईक शहरी, आणि ‘आधी त्रास, मग टिकाऊपणा’ हे सुटता कामा नये.

पहिली चाचणी म्हणून शब्दशः लिहून बघतात, नेमकं कुठे अडतं ते कळावं म्हणून. ‘सी आम्मोर्बीदीशे. नोन सी रोंपे माई.’ म्हणजे ‘मऊ होते. कधी तुटत नाही.’ तीन अडचणी लगेच दिसतात. ‘आम्मोर्बीदीशे’ ऐकून कपडे धुतानाच्या फॅब्रिक सॉफ्टनरची आठवण येते. ‘रोंपेरे’ म्हणजे तोडणं, पण बोलीत ‘डोकं खाणं’ही, ‘नोन रोंपेरे’ म्हणजे ‘उगाच पिडू नकोस’. आणि ‘कधी तुटत नाही’ हे सरळसरळ हमीसारखं वाचलं जातं. जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियमनाची संहिता इटलीत 1966 पासून आहे. तिच्या दुसऱ्या कलमानुसार उघडउघड अतिशयोक्ती चालते, पण गिऱ्हाईक खरी समजेल अशी अतिशयोक्ती चालत नाही. ‘ही चप्पल तुम्हाला उडायला शिकवेल’ चालून जाईल. ‘कधी तुटत नाही’ म्हणाल आणि अंगठा तुटला की तक्रार येईल.

मग शब्दकोश मिटवायचा आणि इटलीतल्या चपलांच्या दुकानात काय बोलतात ते आठवायचं. नवा बूट आवळतो म्हणून गिऱ्हाईक कुरकुरतं, तेव्हा दुकानदार म्हणतो, ‘व्हेद्रा, पोई चेदोनो’. ‘बघालच तुम्ही, नंतर सैल होतात.’ ‘चेदेरे’ म्हणजे नमणं, मागे हटणं, हार मानणं, आणि चामड्याबाबत सैल होणं. इंग्रजीत ‘ब्रेक’ जे दुहेरी काम करत होता ते करणारा शब्द इथे सापडला. ‘चेदे’ आणि ‘प्येदे’ म्हणजे पाय यांचं यमक जुळतं हा वरचा नफा. त्यातून पहिला पर्याय निघतो:

‘चेदे आल प्येदे. आल्ला स्त्रादा, माई.’

‘पायापुढे नमतं. रस्त्यापुढे, कधीच नाही.’ साधा क्रम ‘माई आल्ला स्त्रादा’ असा झाला असता, पण मग शेवट ‘स्त्रादा’वर अलगद उतरला असता. ‘माई’ शेवटी नेला की ठोका बसतो. आणि ‘रस्त्यापुढे हार मानत नाही’ ही उघड अलंकारिक भाषा आहे, हमीपत्र नव्हे.

‘चेदे’ हे एकवचन आहे हेही लक्षात ठेवावं लागतं. चपला दोन असतात. इटालियनमध्ये त्यांना ‘सांदाली’ म्हणावं लागेल, कारण ‘चाबात्ता’ म्हटलं की घरात घालायच्या सपाता किंवा पाव डोळ्यांपुढे येतो. अनेकवचन केलं की ‘चेदे’चं ‘चेदोनो’ होतं आणि यमक मरतं. म्हणून ओळीचा कर्ता चप्पल नाही, ‘कुओयो’ म्हणजे चामडं आहे असं मनात धरायचं आणि पोस्टरवर ओळीखालच्या मजकुरात तो शब्द आणायचा. चित्रात एकच चप्पल आहे हे इथे उपयोगी पडलं.

या शब्दाला एक काळी बाजूही आहे आणि ती कारखानदाराला सांगावीच लागते. पूल, छप्पर, बांध कोसळतो तेव्हाही इटालियन बातमी ‘चेदेरे’च वापरते. 14 ऑगस्ट 2018 ला जेनोआमधला मोरांदी पूल पडून 43 माणसं गेली, त्यानंतर हा शब्द त्या अर्थाने लोकांच्या कानावर पुष्कळ पडला. ‘आल प्येदे’ लगेच मागून येत असल्यामुळे पूर्ण ओळीत धोका नाही. पण उत्सुकता वाढवायला म्हणून पोस्टरवर नुसतं ‘चेदे’ छापायची कल्पना कोणी काढली, तर तिथेच थांबवायचं.

दुसरा पर्याय मुद्दाम वेगळ्या दिशेने शोधतात. एकाच ओळीची तीन रूपं देऊन काही साधत नाही.

‘इल प्रीमो जोर्नो दिस्कूतोनो. पोई ती दान्नो राजोने.’

‘पहिल्या दिवशी वाद घालतात. मग तुझंच खरं म्हणतात.’ चपलेला स्वभाव दिला. दोष कबूल झाला, हसूही आलं. टिकाऊपणा मात्र हरवला आणि ओळ लांबली. डब्याला जड, इन्स्टाग्रामला उत्तम. शिवाय यात ‘ती’ म्हणजे ‘तुला’ आलं. इटालियन जाहिरातीत आज ‘तू’ सर्रास चालतं, आपल्या ‘तू’सारखं ते खटकत नाही. आदरार्थी ‘लेई’ बँका, विमा अशा ठिकाणी टिकून आहे. पहिल्या पर्यायात कोणाला उद्देशून काही नाहीच, त्यामुळे हा प्रश्नच उठत नाही.

तिसरा पर्याय: ‘प्यू ली पोर्ती, प्यू ती पोर्तानो.’ ‘पोर्तारे’ म्हणजे अंगावर घालणं आणि नेणं, दोन्ही. ‘जितक्या तू घालशील, तितक्या त्या तुला नेतील.’ अर्थाने सुरेख, पण कानाला लंगडी. ‘पोर्तानो’चा आघात पहिल्याच अक्षरावर आहे, पुढची दोन अक्षरं घरंगळत जातात. ‘लोंतानो’ म्हणजे दूर हा शब्द जोडून यमक साधण्याचा मोह इथे हमखास होतो. कागदावर ‘पोर्तानो, लोंतानो’ जुळतात. बोलून बघा, आघात वेगळ्या जागी पडतो आणि यमक नाहीसं होतं. मराठी कानाला हे पटकन कळत नाही, कारण आपल्याकडे आघाताने यमक बिघडत नाही. शिवाय ‘प्यू… प्यू…’ हा साचा कॉफीच्या त्या ओळीने इतका आपलासा केला आहे की आपली ओळ तिची नक्कल वाटू शकते.

हे तिन्ही पर्याय ज्या कागदावर जातात त्यात प्रत्येकाखाली तीन गोष्टी असतात: शब्दाला शब्द उलटं भाषांतर, ओळीतून प्रत्यक्ष काय पोचतं ते, आणि चार-पाच वाक्यांत कारणं. उलटं भाषांतर मुद्दाम ओबडधोबड ठेवतात. ‘नमतं पायाला. रस्त्याला, कधीच नाही.’ ते गोंडस केलं तर इटालियन न येणारा कारखानदार भाषांतराच्या प्रेमात पडतो आणि ओळ बघतच नाही. यासाठी तास किंवा पूर्ण काम धरून मानधन ठरतं. शब्दाच्या दराने सहा शब्दांचे पैसे मोजले तर चहाही येणार नाही.

गडबड सर्वांत जास्त होते ती यानंतर. ‘पहिल्यातला पहिला तुकडा आणि दुसऱ्यातला दुसरा तुकडा जोडून द्या’ अशी सूचना हटकून येते. ‘चेदे आल प्येदे. पोई ती दान्नो राजोने.’ आता पहिल्या वाक्याचा कर्ता एकवचनी, दुसऱ्याचा अनेकवचनी, आणि ‘मग तुझंच खरं म्हणतात’ याला आधीचा वादच उरला नाही. उलट्या भाषांतरात हे झाकलं जातं. म्हणून बदल हवा असेल तर काय खुपतंय तेवढं सांगायचं, जोडणी लिहिणाऱ्याकडे सोपवायची.

निवड झाल्यावर ओळ इटलीतल्या निदान चार माणसांना मोठ्याने वाचायला द्यावी आणि ती एकाच गावची नसावीत. ‘ए’ किती उघडा उच्चारायचा हे इटलीत प्रांतागणिक बदलतं. प्रमाण उच्चारात ‘चेदे’ आणि ‘प्येदे’ दोन्हींचा ‘ए’ उघडा आहे. पण मिलान आणि नेपल्स दोन्हीकडच्या तोंडी यमक टिकतं का ते ऐकूनच कळतं. वाचणाऱ्याला ‘आवडलं का’ विचारू नये. ‘ही कशाची जाहिरात असेल?’ असं विचारावं. पूल, कर्ज, राजकारण अशी उत्तरं आली तर काय चुकलं ते कळलं. हीच ओळ आधी कोणी नोंदवली आहे का हे इटलीच्या पेटंट व ट्रेडमार्क कार्यालयाच्या आणि युरोपीय संघाच्या यादीत शोधून ठेवतात.

शेवटचा धोका छपाईत असतो. इंग्रजी सवयीचा डिझायनर प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करतो. इटालियनमध्ये फक्त वाक्याचं पहिलं अक्षर मोठं असतं, बाकीची मोठी केली की ओळ लगेच परदेशी दिसते. तिसरा पर्याय निवडला असेल आणि तो सगळ्या मोठ्या अक्षरांत जाणार असेल, तर ‘प्यू’च्या शेवटच्या स्वरावरची तिरकी खूण पाहावी. कीबोर्डवर ती सापडली नाही की लोक स्वरापुढे ॲपॉस्ट्रॉफी ठोकून मोकळे होतात. इटालियन माणूसही घाईच्या मेसेजमध्ये असं करतो, पण डब्यावर ते चालत नाही. म्हणून छापायच्या फाइलचा अंतिम नमुना ओळ लिहिणाऱ्याकडेच परत पाठवतात, आणि तो चित्ररूपात, कारण फॉन्ट बदलला की सगळ्यात आधी ही खूणच उडते.